नाकाबाहेरची सर्दी

समजा, लंडनला मुलाकडे राहायला आलेल्या साठीपुढच्या एक इराणी बाई डॉक्टरांसमोर बसल्या आहेत. त्या म्हणतात, ‘सर-ए-देलम मीसूजे, सर्दीम करदे.’ डॉक्टरांना फक्त इंग्रजी कळतं, मध्ये दुभाषी.

आधी ‘देल’ घेऊ. दिल म्हटलं की आपला हात छातीवर जातो. बोलीतल्या फारसीत मात्र देल दुखलं म्हणजे बहुतेकदा पोट दुखलं. सर-ए-देल म्हणजे पोटाचा वरचा भाग, बरगड्यांमधली खळगी, तिथे जळजळतंय. कच्चा दुभाषी ‘हृदय जळतंय’ म्हणेल, हुशार दुभाषी ‘ॲसिडिटी आहे’ म्हणेल. मला धास्ती हुशाराची. हृदयविकाराच्या झटक्याची कळही कधीकधी याच जागी येते, आणि ॲसिडिटीचं नाव आधीच उच्चारलं गेलं की ती शंका मागे पडते. दुभाष्याने जागा आणि जळजळ तेवढी सांगावी. नेमकं कुठे, हे बाईंना बोट ठेवून दाखवायला लावा, असं डॉक्टरांना सुचवावं.

हृदयाला फारसीत ‘कल्ब’. पण तेही सरळ नाही. बायरन गुड या मानववंशशास्त्रज्ञाने इराणमधल्या मराघे शहरात अभ्यास करून १९७७ साली दाखवलं, की तिथे ‘नाराहतीये कल्ब’, म्हणजे हृदयाची बेचैनी, या तक्रारीत धडधडीबरोबर दुःख, घरची काळजी, म्हातारपण असं बरंच काही सामावलेलं असतं.

आता सर्दी. हा शब्द आपल्याकडे आला फारसीतून, आणि नाकात अडकला. इराणी घरांत अन्नाचे गर्म आणि सर्द असे स्वभाव मानतात. दही, मासे, काकडी हे सर्द. ते जास्त झालं की मळमळ, अशक्तपणा, पोटदुखी. म्हणजे ‘सर्दी झाली’. इंग्रजीत नुसतं ‘कोल्ड’ गेलं तर डॉक्टर घसा तपासत बसतील. इथे दुभाष्याने शब्द तसाच ठेवावा, ‘हे मी दुभाषी म्हणून सांगतोय’ असं स्पष्ट करून त्याचा ढोबळ अर्थ द्यावा आणि पुढचं बाईंनाच विचारायला डॉक्टरांना मोकळं सोडावं: काय खाल्लं, कधीपासून, त्यावर काय घेतलं?

शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. सर्दीवरचा घरगुती उतारा म्हणजे ‘नबात’, गरम पाण्यात किंवा चहात विरघळवलेली खडीसाखर. बाईंना मधुमेह असेल, तर सकाळपासून असे किती पेले झाले हे डॉक्टरांना कळायलाच हवं. ‘औषध काही घेतलं का?’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी नबात हे औषध नाहीच. दुभाष्याच्या जागी मुलगा असला, तर तोही ‘जेवण जरा जास्त झालं, एवढंच’ म्हणून मोकळा होईल.