नव्या चपलेचे नऊ दिवस

पाडव्याच्या मुहूर्तावर नवी कोल्हापुरी चप्पल घ्यायची आणि तुळशीचे लग्न लागले की सुरू होणाऱ्या लग्नसराईत ती मिरवायची, असा बेत पुष्कळ घरांत शिजत असेल. बेत उत्तम आहे. पण त्यापुढचा देखावाही ठरलेला असतो. अंगात झब्बा, डोक्याला फेटा, पायांत करकरीत कोल्हापुरी, आणि वरात निघाली की हे गृहस्थ हळूहळू मागे पडू लागतात. विचारावे तर म्हणतात, "काही नाही हो, चप्पल चावते!"

चप्पल चावते हे खरेच. पण कोल्हापुरीचा चावा दोन जातींचा असतो. एक नवेपणाचा, तो नऊ-दहा दिवसांत जातो. दुसरा बनावटीतला, तो चप्पल टाकून देईपर्यंत जात नाही. यातला कोणता आपल्या वाट्याला येणार, हे दुकानातच ओळखता येते. ते कसे, एवढेच आज पाहू.

आधी ही चप्पल कडक का असते ते समजून घ्यावे. कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. अशा कातड्याचे तंतू घट्ट आवळून बसतात आणि कातडे लाकडासारखे ताठ होते. मात्र त्याचा एक गुण मोठा आहे. ऊब, घाम आणि वजन मिळाले की ते हळूहळू वाकते आणि ज्या पायाखाली वाकले त्याचा आकार धरून ठेवते. रासायनिक रीतीने कमावलेले कातडे पहिल्या दिवशीच मऊ लागते, पण पायाचा ठसा असा धरत नाही. तेव्हा दुकानात पहिल्याच पावलाला गादीसारखी वाटणारी कोल्हापुरी पाहून हरखून जाऊ नये. पट्ट्याची कापलेली कड निरखावी. आरपार तपकिरी असेल तर कातडे सालीचे. मध्ये निळसर करडी रेघ दिसली तर ते रासायनिक.

आता तळ. तळ जाड म्हणजे चप्पल टिकाऊ, असा आपला समज असतो, आणि दुकानदारही तळ बोटांनी दाखवून "बघा केवढा जाड!" म्हणतो. पण जाडी कशाची, हे विचारायला हवे. अस्सल तळ म्हशीच्या जाड कातड्याचे थर एकावर एक ठेवून केलेला असतो. नकली मालात वरखाली कातड्याचा पातळ पापुद्रा आणि मध्ये पुठ्ठा! पहिल्या पावसात पुठ्ठा फुगतो आणि चप्पल होडीसारखी उघडते. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ते असे.

म्हणून तळाची कड बाजूने पाहावी. कातड्याची कड तंतुमय आणि घट्ट दिसते. पुठ्ठ्याची कड भुसभुशीत असते, नखाने दाबली तर खळगा पडतो. कडेला गडद रंगाचा जाड लेप असेल तर न रंगवलेला जोड दाखवायला सांगावे. रोजच्या वापराच्या पुरुषी चपलेला चवड्याखाली ७ ते ८ मिलीमीटर आणि टाचेखाली त्याच्या दुप्पट जाडी पुरे. बायकांच्या नाजूक घाटाला चवड्याखाली ५ मिलीमीटरही चालतात. याहून फार जाड तळ चवड्याशी वाकत नाही. तो वाकत नाही म्हणून प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते, पाय पुढे घसरतो आणि पट्टा कातडीवर घासतो. म्हणजे फोडाचे एक मूळ तळाच्या जाडीतच असते. चप्पल दोन्ही हातांत धरून चवड्याच्या जागी वाकवून पाहावी. ती नेटाने वाकावी, सोडल्यावर परत सरळ व्हावी आणि वाकल्या जागी बारीक सुरकुत्या पडाव्यात, भेगा नव्हेत.

यानंतर शिवण. जुन्या रीतीच्या कोल्हापुरीत लोखंडी खिळा नसतो. कारागीर आरीने भोके पाडतो आणि चामड्याची बारीक वादी त्यांतून ओढून थर एकमेकांना शिवतो. ही शिवण वरून दिसते तशी चप्पल उलटी केल्यावर खालूनही दिसली पाहिजे. वर नक्षीदार टाके आणि खाली गुळगुळीत तळ असला, तर टाके शोभेचे आणि काम सरसाचे, असे समजावे. रबराचा तळ मागाहून चिकटवला असेल तर गोष्ट वेगळी. फरशीवर घसरू नये म्हणून पुष्कळ लोक तो मुद्दाम लावून घेतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र रबराखालची शिवण तपासता येत नाही, म्हणून रबर लावण्याआधीचा जोड पाहून घ्यावा.

हाताचे टाके यंत्रासारखे तंतोतंत नसतात, पण ते एका ओळीत आणि साधारण सारख्या अंतरावर हवेत. भोके कडेच्या अगदी जवळ पाडलेली नसावीत. कडेला धरून पडलेले भोक ताण बसला की फाटते. सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे कान. तळाच्या दोन थरांमधून बाहेर येणारे आणि पट्टा धरून ठेवणारे हे दोन बाजूंचे तुकडे. चालण्याचा सगळा ओढा त्यांच्यावर येतो. कोल्हापुरातला जाणता कारागीर स्वतःच सांगतो, "पाव्हणं, कान धरून वढा की!" ओढावा. कान आणि तळ यांच्यामध्ये फट दिसली तर जोड खाली ठेवावा.

शेवटी पट्ट्याखालून आणि अंगठ्याच्या कडीतून करंगळी फिरवावी. गाठ, वादीचे टोक किंवा धारदार कड बोटाला लागली, तर ती पायाला लागणारच. हाच तो बनावटीतला चावा. कारागीर समोर असेल तर तो रापीने कड तासून देतो. नुसता विक्रेता असेल तर दुसरा जोड मागावा.

मापाचे सूत्र एकच. पट्टा सैल होतो, तळ कधी वाढत नाही. तेव्हा लांबी पहिल्या दिवशीच बरोबर हवी, टाच तळाबाहेर लोंबता कामा नये. पट्टा मात्र थोडा आवळच हवा. पायाच्या पाठीवर सपाट, सारखा दाब लागत असेल तर तो दाब जाईल. एकाच ठिकाणी टोचत असेल किंवा कडी बोटांच्या बेचक्यात रुतत असेल तर ते टोचणे जाणार नाही. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात.

आता घरचे काम. ते आमच्या वहिनींच्या धाकट्या भावाच्या उदाहरणाने सांगतो. त्याला मित्राच्या लग्नात दिवसभर उभे राहायचे होते आणि हाताशी नऊ दिवस होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते इथे कामाला आले.

पहिल्या रात्री त्याने पट्ट्याच्या, कानांच्या आणि कडीच्या आतल्या बाजूला खोबरेल तेलाचे बोट फिरवले. आतली बाजू खरबरीत असते, ती तेल चटकन पिते. तेल कातड्याच्या तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देते, म्हणून कातडे मऊ पडते. पण तेल थेंबांनी द्यायचे, वाटीने नव्हे. तेलात बुडवलेली चप्पल चिंधीसारखी लोळते, आणि तळावर तेल लागले तर पाय घसरतो.

दुसऱ्या सकाळी त्याने जादा तेल फडक्याने पुसले आणि पट्टे खराट्याच्या दांड्याभोवती वळवून पुढेमागे मऊ केले. (लाटणे घेऊ नका, घरात भांडण होईल!) मग कोरड्या पायांनी गच्चीवर पंधरा मिनिटे फेऱ्या. तिसऱ्या दिवशी अर्धा तास. तेव्हा उजव्या पायावर, पट्ट्याच्या कडेखाली त्याला एक जागा गरम वाटली. पाहिले तर चवलीएवढा लाल डाग.

इथेच शहाणपणाची कसोटी आहे. फोड एकाएकी येत नाही. पट्टा कातडीला चिकटून धरतो, आतले हाड पुढेमागे हलते आणि मधल्या थरांना पीळ बसत राहतो. आधी ऊब, मग लाली आणि शेवटी फोड. उबेपाशी थांबले तर फोड टळतो. घामाने ओली कातडी जास्त चिकटते, म्हणून पाय कोरडे हवेत. भावाने चप्पल काढली आणि एक दिवस विश्रांती दिली. त्या अवधीत पट्ट्याची ती कड बाटलीच्या गोल बुडाने घासून बोथट केली आणि आतून तेलाचे आणखी एक बोट लावले. पाचव्या दिवशी डागावर औषधाच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी लावून पुन्हा अर्धा तास, सहाव्या दिवशी एक तास, सातव्याला बाजारापर्यंत जाऊन येणे, आठव्याला दोन तास. नवव्या दिवशी त्याने चिकटपट्टी काढून चालून पाहिले. लग्नाच्या दिवशी सकाळी आठपासून रात्रीपर्यंत तो उभा होता आणि वरातीत मागे पडला नाही.

काही लोक चप्पल पाण्यात भिजवून पायांतच वाळवायला सांगतात. कातडे तशाने वळते हे खरे, पण त्याचा रंग पायाला लागतो, तळ वाकडा होतो आणि वाळल्यावर चप्पल पूर्वीपेक्षाही कडक होते. चुकून भिजलीच तर सावलीत, कागदावर वाळवावी. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये.

फोड आलाच तर फोडू नये. वरची कातडी हेच त्याचे उत्तम झाकण असते. स्वच्छ पट्टी बांधावी आणि तो सुकेपर्यंत चप्पल खुंटीला. पण घरात कोणाला मधुमेह असेल तर हे नऊ दिवसांचे गणित त्यांच्यासाठी नाही. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. जी ऊब आपल्याला थांबवते तीच त्यांना कळत नाही, आणि लहानसा फोड मोठी जखम होऊन बसतो. आजोबांना कोल्हापुरीची कितीही हौस असली तरी आधी डॉक्टरांना पाय दाखवावेत आणि त्यांनी नको म्हटले तर हट्ट करू नये.

नावाविषयी एक शब्द. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे २०१९ साली जाहीर झाले. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे बेळगाव भागात शिवलेली चप्पलही तितकीच अस्सल कोल्हापुरी असू शकते. तेव्हा पाटी वाचून जोड घेऊ नये. तो उलटा करावा, शिवण पाहावी, कान ओढावा, आणि मगच भावाची गोष्ट काढावी.