लेखी संमती आणि न लिहिलेले तास

कारखान्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा तीन महिन्यांना ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. त्याला कामगाराच्या लेखी संमतीची अट आहे. पण ज्याला नोकरी टिकवायची आहे, तो या कागदावर सही करायला नकार कसा देणार?

तरी कारखान्यात तास निदान मोजले जातात आणि जादा तासाला दुप्पट दर मिळतो. हिंजवडी-खराडीच्या आयटी ऑफिसांत संमती मागायची वेळच सहसा येत नाही, कारण जादा काम बहुतेकदा कागदावर उमटतच नाही.

समजा, चौघांच्या टीमकडे दहा दिवसांचं काम आहे. रोजचे आठ तास धरून ३२० तास होतात आणि ग्राहकाला तेवढ्याचेच पैसे सांगितले आहेत. काम निघतं ४०० तासांचं. वरचे ८० तास टाइमशीटमध्ये भरले तर प्रोजेक्ट तोट्यात दिसेल आणि मॅनेजरला वर जाब द्यावा लागेल. म्हणून तो म्हणतो, ‘‘आठच भरा रे, बाकीचं बघू नंतर.’’ चौघं रोज दहा तास बसतात आणि आठ भरतात. खरी मेख पुढेच आहे. पुढच्या कामाचा अंदाज काढताना जुनी टाइमशीट उघडली जाते. तिथे ३२० तासच दिसतात, म्हणून तसलंच नवं कामही ३२० तासांनाच विकलं जातं. ते ८० तास आता टीमच्या माथी कायमचे बसले.

यात ‘थांब’ असा हुकूम कोणीच दिलेला नाही. साडेसहाला बॅग उचलणाऱ्याला फक्त विचारलं जातं, ‘‘काय रे, आज हाफ डे?’’ पुढे अप्रेझलच्या वेळी त्याच्या नावापुढे ‘ओनरशिप कमी पडते’ असा शेरा येतो. शेजारच्या खुर्चीवरचे हे सगळं पाहतात आणि दुसऱ्या दिवसापासून आपणहून थांबू लागतात. याला मर्जी म्हणणं मला मान्य नाही.

मनापासून उशिरापर्यंत काम करणारी माणसं असतात, हे खरं. नवं काही शिकताना घड्याळाकडे लक्ष जात नाही. पण तसा माणूस मुलाला ताप आला तर पाचला उठून जातो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. जिथे असं उठून जाण्याची किंमत मोजावी लागते, तिथे थांबणं ही निवड राहत नाही.

आपल्याकडे काय चाललंय हे व्यवस्थापनाला शोधायचं असेल, तर साधन हाताशीच आहे. माणूस दारावर कार्ड लावून कधी आत आला, कधी बाहेर पडला याची नोंद ऑफिसकडे असते. घरून काम करणाऱ्याच्या लॉगिनचीही असते. एका महिन्याच्या या नोंदी टाइमशीटशेजारी ठेवाव्यात, जेवणाचा-चहाचा वेळ वजा करावा, आणि उरलेला फरक पुढच्या कामाच्या अंदाजात धरावा. त्यासाठी कोणाच्याही संमतीची गरज नाही.