पावतीवरची रक्कम, दारातली रक्कम

जेलरोडला किंवा जय भवानी रोडला तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती अजून पुष्कळ आहेत. आपला गॅसचा टेम्पो खाली उभा राहतो आणि पोरगा खालूनच हाक मारतो, "मावशी, तिसरा मजला आहे, वर आणायचे पन्नास लागतील." मावशी गॅलरीतून विचारतात, "पावतीवर लिहिलंय का तसं?" त्यावर ठरलेले उत्तर येते, "पावती कंपनीची, जिना माझा." आपल्यापैकी कोणत्याही वितरकाच्या भागात हा संवाद रोज होतो आणि आपण तो ऐकून न ऐकल्यासारखे करतो. या अंकात त्यावर स्पष्ट बोलायला हवे.

नियमाबाबत संदिग्धता मुळीच नाही. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरच्या किरकोळ किमतीतच घरपोच पोहोचवण्याचा खर्च धरलेला असतो. म्हणून तर ग्राहक स्वतः गोडाऊनवर येऊन टाकी घेऊन गेला, तर तेवढी रक्कम त्याला वजा करून द्यावी लागते. मजल्यासाठी वेगळा दर कुठेही नाही. हैदराबादच्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात विचारले, तेव्हा हिंदुस्थान पेट्रोलियमनेही हेच कळवले होते: मजला कितवाही असो, दारापर्यंत पोहोच देणे वितरकाचे काम आहे आणि त्यासाठी जादा पैसे द्यायचे नाहीत. मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्सखाली जादा दराची तक्रार सिद्ध झाली, तर दंड पोराला होत नाही, एजन्सीला होतो.

आता पोराची बाजू. रिकाम्या टाकीचे वजन साधारण पंधरा-सोळा किलो, त्यात 14.2 किलो गॅस. म्हणजे तीस किलोच्या आसपासचे लोखंड खांद्यावर घेऊन तो तीन जिने चढतो आणि रिकामी टाकी घेऊन उतरतो. अनेक एजन्स्यांमध्ये त्याला टाकीमागे ठरावीक रक्कम मिळते. तळमजल्याला जेवढी तेवढीच तिसऱ्या मजल्याला. ही रक्कम ठरवतानाच "वरचे पैसे त्याला सुटतातच" असे आपण मनात धरलेले असते. खरे दुखणे इथे आहे. दारात मागितलेले पन्नास रुपये म्हणजे बहुतेक वेळा आपण न दिलेली मजुरी असते.

बक्षिशीबद्दल तक्रार नाही. दिवाळीला कुणी शंभराची नोट दिली, उन्हातून आलेल्याला पाणी आणि वीस रुपये दिले, तर तो ग्राहकाचा मोठेपणा. पण न दिल्यास टाकी वर येणार नसेल, तर ती बक्षिशी राहत नाही. हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क सक्तीने लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरले. तिथे जे तत्त्व लागू झाले, तेच आपल्या जिन्यावरही लागू आहे.

हा प्रकार आपल्या एजन्सीत चालतो का, हे गल्ल्यावरून कळत नाही. पावतीप्रमाणे रक्कम जमा होते आणि हिशेब चोख बसतो. खुणा दुसरीकडे असतात. पहिली खूण म्हणजे परत आलेल्या टाक्या. "घर बंद" असा शेरा मारून एकाच इमारतीतल्या, त्यातही वरच्या मजल्यावरच्या टाक्या पुन्हा पुन्हा परत येत असतील, तर त्या घरी फोन करून विचारावे. दुसरी खूण ऑनलाइन पैसे भरणाऱ्यांची. ज्याने आगाऊ पैसे भरले त्याच्याकडे पावती दाखवून "वरचे राहू द्या, सुट्टे नाहीत" म्हणता येत नाही, म्हणून त्याची टाकी मागे पडते. एखाद्या लाईनवर रोखीच्या टाक्या दुसऱ्या दिवशी पोहोचतात आणि ऑनलाइनच्या चौथ्या दिवशी, असे दिसले की समजावे. तिसरी खूण पोराच्या मोबाइलमधला स्वतःचा क्यूआर कोड. दारात एजन्सीचाच क्यूआर दाखवला गेला पाहिजे.

ग्राहकाने काय करावे, हेही आपणच पावतीमागे छापून द्यावे. क्रम सोपा आहे. आधी सील पाहायचे, मग काट्यावर वजन करून घ्यायचे. काटा टेम्पोत असायलाच हवा. झडपेची गळती तपासून घ्यायची. पावतीवरची रक्कम तेवढीच द्यायची, शक्यतो ऑनलाइन. आणि मोबाइलवर आलेला डिलिव्हरी ऑथेंटिकेशन कोड सर्वांत शेवटी सांगायचा. तो आधी सांगितला की आपल्या नोंदीत टाकी पोहोचली असे होते आणि जिन्यावरच्या घासाघिशीत ग्राहकाच्या हाती काही उरत नाही. जादा पैसे मागितले, तर "पावतीवर जे आहे ते देते, बाकी एजन्सीशी बोलते" एवढे वाक्य पुरे. घरात एकटी बाई किंवा म्हातारे माणूस असेल आणि पोराचा आवाज चढला असेल, तर वाद घालू नये. मागितलेली रक्कम ऑनलाइन द्यावी. पावतीसमोर जादा रकमेची नोंद राहते आणि तक्रारीला तोच पुरावा होतो. तक्रार एजन्सीत, आणि तिथे दाद लागली नाही तर 18002333555 या टोल-फ्री क्रमांकावर. 1906 हा क्रमांक गळतीच्या तातडीसाठी आहे. पैशाच्या तक्रारीसाठी तो अडवू नये, हेही छापावे.

पण नुसते छापून आणि पोराला दम देऊन भागणार नाही. कामावरून काढलेल्या पोराच्या जागी आलेला दुसरा महिनाभरात तेच शिकतो. जिन्याचा दर आपण दिला पाहिजे. हिशेब करून पाहू. एका टेम्पोत 40 टाक्या आहेत आणि त्यांतल्या 12 लिफ्ट नसलेल्या इमारतींच्या दुसऱ्या मजल्याच्या वर जायच्या आहेत, असे धरा. त्या प्रत्येकीला दहा रुपये जादा दिले, तर दिवसाला 120 रुपये. टाकीमागे 73 रुपये 8 पैसे या कमिशनने 40 टाक्यांचे 2,923 रुपये होतात. त्यातले 120 म्हणजे सुमारे चार टक्के. हे कमिशन अपुरे आहे, यात वाद नाही; वितरकांच्या संघटनेने 2025 मध्ये ते दीडशे रुपये करण्याची मागणी केली ती उगाच नाही. मात्र ते भांडण सरकारशी आणि कंपन्यांशी आहे. त्याची वसुली तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडून होता कामा नये.

दहा रुपये दिल्याने पन्नासाची सवय एका दिवसात सुटेल, असेही नाही. म्हणून दर लावताना दोन अटी एकत्र सांगाव्यात: मजल्याचा भत्ता आठवड्याच्या आठवड्याला रोख मिळेल, आणि जादा पैशाची तक्रार खरी निघाली तर त्या आठवड्याचा भत्ता बंद. दर शनिवारी वरच्या मजल्यावरच्या पाच-सहा ग्राहकांना मॅनेजरने फोन करून "किती दिले?" एवढेच विचारावे. "जादा घेतले का?" असे विचारले, तर रोजची गाठ असलेल्या पोराची भीड आड येते, रक्कम विचारली की लोक खरे सांगतात.

येत्या महिन्यात आपापल्या भागातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींची यादी करा आणि मजल्याचा दर एजन्सीच्या फळ्यावर लिहा. तो दर एजन्सीने द्यायचा आहे, ग्राहकाने नाही, हेही त्याच फळ्यावर ठळक अक्षरांत लिहा.