विश्लेषण : तुघलकाच्या पितळी टंक्याचे नेमके काय चुकले?

सरकारने एखादा विक्षिप्त आदेश काढला की मराठीत त्याला सर्रास ‘तुघलकी’ म्हटले जाते. या विशेषणामागचा एक मोठा किस्सा नाण्यांचा आहे. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या बरोबरीने चालणारे पितळेचे आणि तांब्याचे नाणे काढले आणि दोन-तीन वर्षांत ते मागे घेतले. पण कल्पना खरेच वेडगळ होती का?

चांदीऐवजी पितळ कशासाठी?

त्या काळी नाण्याची किंमत म्हणजे त्यातल्या धातूची किंमत. चांदीचा टंका सुमारे ११ ग्रॅमचा असे. भारतात चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या; ती व्यापारातून बाहेरून यायची. तिकडे सुलतानाचा खर्च मात्र वाढत होता. खुरासानच्या स्वारीसाठी त्याने ३ लाख ७० हजारांचे सैन्य उभे केले, असे समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. आकडा फुगवलेला असू शकतो, पण पगार द्यावा लागला आणि स्वारी झालीच नाही.

तेव्हा पितळेवर शिक्का मारून त्यालाच टंका म्हणायचे, हा मार्ग निघाला. हे नाणे दिल्लीप्रमाणे आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतही पाडले गेले. ‘जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. धातूत किंमत नाही म्हटल्यावर शब्दांवर जोर द्यावा लागला, एवढाच त्याचा अर्थ. चीनमध्ये कुबलाई खानाच्या काळात कागदी चलन चालले होते. इराणमध्ये मात्र १२९४ मध्ये तोच प्रयोग काही आठवड्यांत कोसळला होता. म्हणजे यश आणि अपयश, दोन्ही उदाहरणे समोर होती.

मग घोटाळा कुठे झाला?

सुलतानाचा हेतू फसवणुकीचा नव्हता. सरकार सारावसुलीतही हे नाणे पूर्ण किमतीला स्वीकारत होते. चलनावर विश्वास बसण्यासाठी हे आवश्यकच असते. पण गोची नेमकी तिथेच झाली.

समजा, एका गावच्या मुकादमाला १०० टंके सारा भरायचा आहे. चांदीत भरायचा तर धान्य विकून चांदी मिळवावी लागणार. पितळेत भरायचा तर घरातली भांडी वितळवून साच्यात ओतली किंवा ठशाने छाप मारली की झाले. अक्षरे कोरणारा कारागीर गावोगाव होता. खरे नाणे आणि नकली नाणे यांत धातूचा फरक नाही, वजनाचा नाही. वसुली कारकुनाने ओळखायचे कशावरून? चांदीच्या नाण्यात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे वजन आणि कस हीच तपासणी असते. इथे तपासणीचे साधनच काढून घेतले गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. घराघराची टांकसाळ झाली, असे बरनी लिहितो. यात त्याची नेहमीची अतिशयोक्ती आहे, पण प्रक्रिया अगदी पटण्यासारखी आहे.

व्यापार आणि तिजोरीवर काय परिणाम झाला?

लोकांनी चांदी-सोने घरात दडवले आणि पितळ पुढे केले. कारभारी आणि जमीनदारांनी त्यात सारा भरला, शस्त्रे आणि घोडे घेतले. घोडे विकणारा परदेशी व्यापारी मात्र पितळ घेऊन मायदेशी काय करणार? तिथे त्याला फक्त धातूचा भाव मिळणार. त्याने हे नाणे नाकारले की घोडा मिळेना, आणि घोड्याशिवाय दिल्लीचे सैन्य चालेना. दूरच्या प्रांतांत पितळी टंका पितळाच्याच भावाने जाऊ लागला. सोन्याच्या एका टंक्याला शंभर पितळी टंके मोजावे लागल्याचे बरनी नोंदवतो.

तिजोरीला फटका दोनदा बसला. आधी साऱ्यात पितळ आले. मग सुलतानाने नाणे रद्द करून जाहीर केले की पितळी टंके आणून द्या आणि सोन्या-चांदीची नाणी घेऊन जा. नकली कोणते, अस्सल कोणते, हे इथेही कळणार नव्हते. त्यामुळे दोन्हींना मोबदला मिळाला. ज्यांनी भांडी वितळवली होती, त्यांची खरी कमाई या दिवशी झाली.

तुघलकाला वेडा ठरवणे म्हणूनच फारसे पटत नाही. नाणेअभ्यासक एडवर्ड थॉमस यांनी तर त्याला टांकसाळवाल्यांचा राजपुत्र म्हटले होते. त्याने शब्द पाळला, आणि शब्द पाळल्यामुळेच तिजोरी रिती झाली. परत आलेल्या पितळी नाण्यांचे डोंगराएवढे ढीग तुघलकाबादेत पडून होते, अशी नोंद बरनीने केली आहे. वितळवून भांडी करण्यापलीकडे त्यांचा उपयोग उरला नव्हता.