ही साफ चेहऱ्याची बाई आमची दादी नव्हे

आमच्या दादीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी ते बोटाने मोजायची आणि दर वेळी आकडा चुकायचा. गेल्या रमजानमध्ये घराण्याच्या ग्रुपवर दादीचा ‘साफ केलेला’ फोटो आला. त्यात एकही व्रण नव्हता. गाल गुळगुळीत, रंग चांगला दोन छटा उजळ, डोळ्यांत हल्लीच्या स्टुडिओतल्या दिव्यासारखी चमक. खाली माशाअल्लाहची रांग लागली होती. चुलतभावाने लिहिलं, “देखो आपा, दादी कितनी खूबसूरत दिखती!” मी विचारलं, “ही बाई कोण?”

त्याला राग आला. आपा प्रत्येक गोष्टीत खोट काढते, मास्तरीणच ना शेवटी, असंही कुणीतरी म्हणालं. म्हणून हा लेख. खोट काढायचीच असेल तर ती नीट, पुराव्यानिशी काढावी, एवढं मास्तरकीने मला शिकवलं आहे.

मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा आहे, साधारण नऊ बाय चौदा सेंटिमीटर. मिरजेच्या जुन्या घरासमोर नऊ माणसं उभी आहेत. मागे दादांच्या हातचं उर्दूत लिहिलं आहे : ईद, १९६८. मधोमध एक घडी पडली आहे आणि ती नेमकी फुफीच्या डाव्या डोळ्यावरून जाते. बाकी पिवळटपणा, बुरशीचे ठिपके, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. मी तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतला होता. त्यावरून तीन ‘दुरुस्त’ प्रती तयार झाल्या. पहिली गावातल्या एका फोटोवाल्याची. दुसरी चुलतभावाच्या फोनमधल्या अ‍ॅपची. तिसरी माझ्या भाचीची, तिने गिम्प नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामात दोन संध्याकाळी बसून हाताने केलेली. ग्रुपवर गाजली ती दुसरी.

तुलनेआधी एक गोष्ट बघावी लागते : तिन्ही प्रती एकाच स्कॅनवरून झाल्या आहेत का? चुलतभावाने अ‍ॅपला दिलेली फाइल फोनवरून पुढे पाठवलेली, म्हणजे लहान होऊन दाबली गेलेली होती. अशा फाइलवरून काम झालं तर दोष कुणाचा तेच कळत नाही. म्हणून मी त्याला मूळ फाइल देऊन पुन्हा करायला लावलं. निकाल थोडा सुधारला, दादी मात्र परत आली नाही.

मग भाचीने स्कॅन खालच्या थरावर ठेवला आणि एकेक प्रत वरच्या थरावर. अ‍ॅपची प्रत मूळच्या दुप्पट आकाराची होती, ती आधी लहान करून मूळ मापावर आणली. दोन्ही तंतोतंत जुळल्यावर वरचा थर डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून दाखवायचा, लपवायचा, पुन्हा दाखवायचा. शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोटो आपल्याला फसवतात, कारण नजर एकावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत बारकावा विसरते. एकाच जागी आलटून पालटून दाखवले की जे हललं ते लगेच दिसतं. अ‍ॅपच्या प्रतीत दादांचा ओठ हलला. चाचांची भुवई वर गेली. आणि दादीच्या गळ्यातली काळी पोत नाहीशी झाली.

पोत का गेली, हे समजून घ्या. जुन्या फोटोवरचे ओरखडे शोधणारी यंत्रणा बारीक, लांब, आजूबाजूपेक्षा वेगळी रेघ शोधते. गळ्यावरची मण्यांची काळी पोत इतक्या लहान फोटोत तशाच रेघेसारखी दिसते. यंत्राने ती ओरखडा समजून बुजवली आणि वर गळ्याची कातडी ओढली. आमच्या भागातल्या मुसलमान बाईच्या लग्नाची खूण ती. तिला डाग समजणारं यंत्र आणि त्यावर माशाअल्लाह म्हणणारी तिचीच नातवंडं!

यापुढची परीक्षा आणखी निर्दय आहे. वरच्या थराचा मोड Difference करायचा. जिथे दोन्ही थर सारखे, तिथे पडदा काळा. जिथे फरक, तिथे उजेड. यात दोन चकवे आहेत. प्रत एखाद्या बिंदूनेही सरकलेली असेल तर साऱ्या कडा एकसारख्या उजळतात. ती लबाडी नव्हे, थर पुन्हा जुळवा. प्रत सगळीच उजळ केली असेल तर सगळा पडदा राखाडी होतो. तीही लबाडी नव्हे, आधी दोघांचा उजेड सारखा करून घ्या. हे दोन्ही वजा केल्यावर जे चमकत राहतं, तो खरा हस्तक्षेप.

फोटोवाल्याच्या प्रतीत नऊच्या नऊ चेहऱ्यांची कातडी चमकली. त्याने भिंतीवरचे डाग तसेच ठेवून माणसं घासली होती. अ‍ॅपच्या प्रतीत काळ्या पडद्यावर नऊ चेहऱ्यांची नऊ बेटं उगवली आणि दादीच्या गळ्यावर एक उजळ रेघ. भाचीच्या प्रतीत घडीची रेघ, चहाचा डाग आणि ठिपक्यांची चांदणी. चेहरे जवळजवळ काळे, म्हणजे न शिवलेले. ही तीन चित्रं मी ग्रुपवर टाकली. पहिल्यांदाच कुणी अंगठा दाखवला नाही.

अ‍ॅप चेहऱ्याचं असं का करतं, ते हिशेबाने सांगते. त्या अ‍ॅपच्या आत काय आहे ते कंपनी सांगत नाही. पण या जातीची कोडफॉर्मर नावाची यंत्रणा २०२२ पासून सर्वांसाठी खुली आहे, तिच्यावरून रीत कळते. ती प्रत्येक चेहरा कापून ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा करते. आमच्या फोटोत एका चेहऱ्याचा चौकोन सहा मिलिमीटरचा. ६०० डीपीआयवर त्याचे होतात सुमारे १४२ गुणिले १४२ बिंदू. म्हणजे यंत्र परत देतं त्या दर तेरा बिंदूंमागे आपल्या फोटोत होता एक. बाकीचे बारा कुठून येतात? यंत्राने आधी पाहिलेल्या चेहऱ्यांतून. ते शिकलं आहे फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० फोटोंवर. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला. इंटरनेटच्या काळातल्या त्या हसऱ्या, चकचकीत फोटोंत देवीचे व्रण असलेले चेहरे असून असून किती असणार? यंत्राला व्रण माहीतच नाहीत. ते त्यांना फोटोचा बिघाड समजतं.

या यंत्रणेत एक आकडा आपल्या हाती असतो, शून्यापासून एकपर्यंत. शून्याकडे नेला की चेहरा देखणा होतो, एककडे नेला की मूळाशी इमान वाढतं. बनवणाऱ्यांनीच देखणेपण आणि इमान ही एकाच काट्याची दोन टोकं ठेवली आहेत, यातच सगळं आलं. भाचीने दोन्ही करून पाहिलं. शून्यावर दादी कुणीतरी परकी बाई झाली. एकवर व्रणांचे धूसर डाग परत आले, पण फुफीला घडीखालचा डोळा तरीही नवाकोरा मिळाला, कारण एकवरही चेहरा त्याच कारखान्यातून बाहेर पडतो.

आता चुलतभावाचा मुद्दा. तो म्हणतो, “आपा, हा काही कोर्टातला कागद नाही. भिंतीवर लावायचा आहे. फुफीच्या डोळ्यावर चिरा कोण बघेल?” मुद्दा खोटा नाही. भाचीच्या प्रतीत त्या जागी फिकट पट्टा आहे, कारण कागदावरचा थरच निघून गेला आहे आणि तिथे काय होतं हे कुणालाच ठाऊक नाही. भिंतीसाठी तो डोळा उजव्या डोळ्यावरून भरून घ्यायला माझी हरकत नाही. पण ती प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि डावा डोळा भरलेला आहे असं मागे लिहा. माझं भांडण भरलेल्या डोळ्याशी नाही, भरला आहे हे लपवण्याशी आहे. शिवाय तुमच्या अ‍ॅपने एक डोळा भरला नाही, शाबूत असलेले सतरा बदलले.

आपल्यात फोटोला तसवीर म्हणून नाक मुरडणारे अजून आहेत. त्यांना उत्तर देताना फोटो जायज मानणारे आलिम एक जुनी दलील देतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी ती मांडली होती : कॅमेरा नवी आकृती घडवत नाही, पडलेली सावली धरून ठेवतो. आरशातला अक्स टिकवावा, तसं. ही दलील मला पटते. पण तेरातले बारा बिंदू जिथे मनाने घातले, तिथे कुठली सावली आणि कुठला अक्स? तो माणूस कधी त्या प्रकाशात उभाच नव्हता. ज्यांना तसवीर आणि अक्स यांतला फरक तोंडपाठ आहे, त्यांनीच बिनदिक्कत दादीची तसवीर घडवली आणि अक्स फेकून द्यायला निघाले.

आणि हे ‘साफ’ म्हणजे काय हो? गोरं? गुळगुळीत? व्रण नसलेलं, पोत नसलेलं? दादी हयात असताना तिला सांवळी म्हणून टोमणे मारणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत. त्या गेल्या, पण त्यांचं काम फोटोवाल्याने आणि अ‍ॅपने पुढे चालू ठेवलं, तेही तिच्या नातवंडांच्या पैशांनी. देवीतून ती वाचली, तिचे दोन भाऊ वाचले नाहीत. व्रण म्हणजे तिच्या वाचण्याची नोंद आहे. ती पुसायला फोटो काही फळा नाही.

घरच्यांनी अखेर भाचीची प्रत निवडली, एका मताने नाही, पण निवडली. मूळ स्कॅन कुणीही हात न लावता दोन ठिकाणी ठेवला आहे, कागदी फोटो दादांच्या अक्षरासह पाकिटात आहे आणि मागच्या बाजूचाही स्कॅन केला आहे. चुलतभावाने मात्र अ‍ॅपवालीच फ्रेम करून घेतली. तिच्या मागे काय बदललं ते लिहायला त्याला मी सांगितलं, तर म्हणाला, “आप ही लिखो.” मी लिहिलं. व्रण, पोत, ओठ, भुवई करत यादी कागदाच्या तळापर्यंत गेली आणि शेवटच्या ओळी मला समासात लिहाव्या लागल्या.