सातबारा इथे चालत नाही

तुरुंगात माणसे मावत नाहीत, याचे खापर आपण गुन्हेगारांच्या संख्येवर फोडून मोकळे होतो. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची आणि कोंबलेले होते ५,७३,२२०. त्यांतले चारांतले तिघे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. त्यांच्यासाठी समित्या आहेत की, असे सांगितले जाते. आहेत, हे खरेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांची समिती नेमली गेली आणि पुढे विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव व तुरुंगाधिकारीही तीत आले. दर तिमाहीला बसून कोणाला सोडता येईल हे पाहायचे, हे तिचे काम. माझे भांडण समितीशी नाही. नावाची शिफारस झाली म्हणजे माणूस सुटला, या समजुतीशी आहे.

आपल्या रामाकोना-सौंसर भागाचेच उदाहरण घेऊ. समजा, नरखेडकडचा एक पोरगा संत्र्याच्या तोडणीला इकडे आला आणि शेतातली पाण्याची मोटर चोरल्याच्या आरोपावरून धरला गेला. पूर्वी एकही शिक्षा नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्याच वेळी आरोपी झालेल्याने शिक्षेचा एक तृतीयांश काळ, म्हणजे एक वर्ष, आत काढले की न्यायालयाने त्याला सोडायचे आणि तेही जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर. इतरांसाठी मर्यादा निम्म्या शिक्षेची. पण तीच मोटर विहिरीवरच्या कोठडीतून गेली असे पोलिसांनी लिहिले, तर कलम बदलते, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि एका वर्षाची दोन वर्षे चार महिने होतात. मोटर तीच, पोरगा तोच! शिवाय त्याच्यावर दुसरा एखादा खटला चालू असेल तर या कलमाचा लाभच नाही. म्हणून समितीपुढच्या तक्त्यात अटकेच्या तारखेइतकेच कलमालाही महत्त्व आहे.

आता खरा घोळ. या पोराला वर्षभर थांबायचे कारणच नव्हते. समजा तिसऱ्या आठवड्यातच त्याला जामीन मंजूर झाला. बाप सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात आला. इकडे मध्य प्रदेशात जामीनदार ऋणपुस्तिका पुढे करतो, कोर्ट तिच्यावर नोंद करते आणि काम होते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने ही पुस्तिका आणायची कोठून? कागद मराठीत, जमीन पलीकडच्या राज्यात. ‘स्थानिक जामीनदार आणा’ असे ऐकून बाप परत जातो. परक्या पोरासाठी आपली पुस्तिका कोण अडकवील? फुकट तर कोणीच नाही.

याचा निकाल १९७८ सालीच लागला आहे आणि तोही आपल्याच राज्याच्या प्रकरणात. मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडवले आणि दूर मुलखात धरल्या गेलेल्या परभाषिकाने जामीनदार कोठून आणायचा, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिना उलटला तर न्यायालयाने अट सैल करण्याचा आपणहून विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी पैसे देण्याची योजनाही काढली. पण आमच्या पोराच्या बापाला पैसे कमी पडलेले नाहीत, कागद चालत नाही!

चोरांची बाजू मास्तराने का घ्यावी, असे कोणी विचारील. चोर ठरवायला खटला आहे. तो चालवा, लवकर चालवा. निकालाआधीची कैद जर बापाचे शेत जामच्या अलीकडे की पलीकडे यावरून ठरत असेल, तर तिला न्याय कसे म्हणायचे?

तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे माझे मागणे एवढेच आहे. जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची यादी निराळी काढा. हा वर्ग तपासणे समितीच्या कामातच मोडते. प्रत्येक नावापुढे लिहा: हुकूम कधी झाला, जामीनदार आला होता का, कोणता कागद नाकारला आणि का. पुढच्या बैठकीत आधी तीच यादी वाचा आणि फाटकाबाहेर पडल्याची तारीख ज्याच्यापुढे नाही, ते नाव ‘निकाली’ म्हणून खोडू नका.