गाठीपाशी होते वाटणी

दोस्तांनो, एक कोडं घालतो. जाड दोराच्या टोकाला बारीक दोरी जोडली आहे. दोन्ही ताणून धरल्यात. जाड दोराला एक झटका दिला, तेव्हा ६ सेंटिमीटर उंचीचा एक उंचवटा पळत पळत गाठीपर्यंत गेला. गाठ ओलांडून तो बारीक दोरीत शिरला आणि बघतो तर काय, त्याची उंची झाली ८ सेंटिमीटर! शिवाय २ सेंटिमीटरचा एक धाकटा उंचवटा गाठीवरून उलटा फिरून आपल्या हाताकडे परत आला. म्हणजे गेले सहा आणि मिळाले दहा. वरचे चार आले कुठून? फुकट मिळाले म्हणावं, तर ऊर्जा फुकट मिळत नाही हे तुम्ही सातवी-आठवीत शिकलात. मग घोटाळा कुठे आहे?

घोटाळा कुठेच नाही. पण हे पटायला त्या गाठीपाशी नेमकं काय होतं ते पाहावं लागेल. आधी सोपी बाजू घेऊ, बारीक दोरीकडून जाड दोराकडे जाण्याची.

एकाच जातीच्या सुताच्या दोन दोऱ्या घ्या. एक बारीक, दुसरी तिच्या दुप्पट जाड. दुप्पट जाडी म्हणजे वजनही दुप्पट, असं पटकन वाटतं. तसं नसतं बरं का! दोरी कापली की जे गोल तोंड दिसतं, त्याचं क्षेत्रफळ जाडी दुप्पट झाल्यावर चौपट होतं. म्हणून वजनही चौपट. समजा बारीक दोरीचा एक मीटर २५ ग्रॅम भरतो, तर जाड दोराचा १०० ग्रॅम. दोन्ही पाच-पाच मीटर घेऊन जोडा. जाड दोराचं मोकळं टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि बारीक दोरीचं टोक हातात धरून ताणा. ताण ठेवा १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलोचं वजन हातात धरल्यावर लागतो तेवढा जोर. दोन्ही दोऱ्या एकमेकींना ओढतात, त्यामुळे ताण दोघींत सारखाच.

आता हात झटकन वर नेऊन खाली आणा. दोरीवर एक उंचवटा तयार होऊन पळू लागेल. पुस्तकात याला ‘स्पंद’ म्हणतात आणि त्याच्या उंचीला ‘आयाम’. त्याचा वेग काढायचा नियम सोपा आहे : ताणाला एका मीटरच्या वस्तुमानाने भागा आणि वर्गमूळ काढा. वस्तुमान मात्र किलोग्रॅममध्ये घ्यायचं. बारीक दोरीसाठी १० भागिले ०.०२५ म्हणजे ४००, वर्गमूळ २०. वेग सेकंदाला २० मीटर. जाड दोरासाठी १० भागिले ०.१ म्हणजे १००, वर्गमूळ १०. वेग सेकंदाला १० मीटर. जड दोर आळशी, वेग निम्मा.

समजा, तुमचा हात ०.०५ सेकंदात ६ सेंटिमीटर वर गेला आणि तेवढ्याच वेळात खाली आला. या ०.०५ सेकंदात उंचवट्याचं पुढचं टोक एक मीटर पुढे सरकलं. म्हणून त्याचा पुढचा उतार एक मीटर लांब झाला आणि मागचाही तेवढाच. हाच उंचवटा जाड दोरात शिरला की आखूड होतो. गाठ वर जायला तेवढेच ०.०५ सेकंद घेते, पण तेवढ्या वेळात जाड दोरात पुढचं टोक अर्धा मीटरच सरकतं. म्हणून तिथे उतार ५० सेंटिमीटरचा.

आता गाठीला दोन अटी पाळाव्या लागतात.

पहिली अट : गाठ तुटायची नाही. गाठीच्या डाव्या बाजूची दोरी जेवढी वर, तेवढाच उजव्या बाजूचा दोर वर. डावीकडे दोन उंचवटे एकमेकांवर बसलेले असतात, एक आलेला आणि एक परतणारा. उजवीकडे फक्त पुढे गेलेला. म्हणून,

आलेला + परतलेला = पुढे गेलेला

दुसरी अट जरा नाजूक आहे. गाठीला दोन्हीकडून सारख्याच ताणाने ओढलं जातंय. पण दोरी तिरकी असली की ताणाचा थोडा भाग वर किंवा खाली ओढतो. जितका उतार तीव्र, तितकी ही ओढ जास्त. डावीकडचा आणि उजवीकडचा उतार वेगळा झाला, तर ही वरखाली ओढ एका बाजूला शिल्लक राहील. गाठीला स्वतःचं वजन जवळजवळ नाहीच, मग ती क्षणात कुठल्या कुठे फेकली जाईल! तसं होत नाही, याचाच अर्थ दोन्हीकडचे उतार कायम सारखे असतात.

परतणाऱ्या उंचवट्याचं तोंड मात्र उलट्या दिशेला असतं. आलेल्याचा पुढचा भाग गाठीकडे उतरता, तर परतणाऱ्याचा पुढचा भाग हाताकडे उतरता. म्हणून उतार मोजताना परतलेला वजा होतो. डावीकडचा उतार : (आलेला − परतलेला) भागिले १ मीटर. उजवीकडचा : पुढे गेलेला भागिले अर्धा मीटर. दोन्ही सारखे, म्हणून,

आलेला − परतलेला = २ × पुढे गेलेला

झालं! शाळेतली दोन समीकरणं. बेरीज करा, ‘परतलेला’ उडून जातो. दुप्पट आलेला म्हणजे तिप्पट पुढे गेलेला. आलेला ६ सेंटिमीटर, म्हणून पुढे गेलेला ४. आणि पहिल्या अटीप्रमाणे परतलेला ४ − ६, म्हणजे उणे २. उणे म्हणजे काय? तो दोरीच्या खालच्या बाजूला लोंबत, पालथा होऊन परत येतो.

ताळा करून बघू. डावीकडे उतार मीटरला ६ आणि २ मिळून ८ सेंटिमीटर. उजवीकडे अर्ध्या मीटरला ४, म्हणजे मीटरला ८. जुळलं!

प्रत्यक्ष करताना दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे गाठ. लाडवाएवढी गाठ मारलीत तर तिचंच वजन मध्ये येतं आणि ती स्वतःच्या हिशोबाने उंचवटा परतवते. म्हणून गाठ मारू नका. जाड दोराचे पीळ थोडे उकला, बारीक दोरी आत घाला आणि वरून दोऱ्याने घट्ट गुंडाळा. दुसरी फसगत गजाची. पुढे गेलेला उंचवटा गजावर आपटून तोही पालथा परत येतो आणि तुम्हाला वाटतं, हाच गाठीवरून आलेला. ओळखायचं वेळेवरून. गाठीपर्यंत पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, वेग २०, म्हणजे अर्धा सेकंद. गजावरून यायला मात्र जाड दोरातला जाता-येता एक सेकंद वाढतो, म्हणजे एकूण दीड सेकंद. हाताला पहिला हिसका लवकर बसतो, तो गाठीचा. एकट्याने हे धावपळीचं होतं. एकाने झटका द्यावा आणि दुसऱ्याने गाठीजवळ डोळा ठेवावा.

आता टोकं बदला आणि जाड दोराकडून सुरुवात करा. आलेला उंचवटा आता अर्ध्या मीटरच्या उताराचा आणि पुढे जाणारा एक मीटरच्या. पहिली अट तीच. दुसरी अशी होते : आलेला − परतलेला = पुढे गेलेल्याच्या निम्मे. बेरीज केलीत की पुढे गेलेला ८ आणि परतलेला अधिक २. हा पालथा नाही, सरळच परततो. म्हणजे कोड्यातले आकडे खरे आहेत.

मग ऊर्जा? चूक झाली ती उंच्यांची बेरीज करण्यात. ऊर्जा उंचीच्या वर्गावर अवलंबून असते, शिवाय दोरीच्या वजनावर आणि वेगावर. बारीक दोरी उंच उचलायला थोडीच ऊर्जा लागते, कारण ती हलकी! तेव्हा एका मीटरचं वजन गुणिले वेग गुणिले उंचीचा वर्ग, असा हिशोब मांडू. आलेला : १०० × १० × ३६ = ३६०००. पुढे गेलेला : २५ × २० × ६४ = ३२०००. परतलेला : १०० × १० × ४ = ४०००. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज करा. बरोबर ३६०००! एक कणही फुकट मिळाला नाही. नऊ वाट्यांपैकी आठ पुढे गेले आणि एक परतला. गंमत म्हणजे बारीक दोरीकडून जाताना ४ आणि उणे २ आले होते, तिथेही वाटणी हीच, आठ आणि एक. करून पाहा.

एक वाटा परत येतो तो जाडी एकदम बदलल्यामुळे. ती हळूहळू बदलली तर? १०० आणि २५ ग्रॅमच्या मध्ये ५० ग्रॅमचा एक लांब तुकडा जोडा. आता दोन गाठी. प्रत्येक गाठीवरून जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर परततो आणि शेवटच्या दोरीत ८.२ सेंटिमीटर पोचतो. आणखी पायऱ्या वाढवत गेलात तर परतणारा जवळजवळ नाहीसा होतो आणि पुढचा ८.५ पर्यंत चढतो. त्याहून जास्त मात्र कधीच नाही, कारण तिथे सगळीच्या सगळी ऊर्जा पुढे गेलेली असते.

पोतराजाचा आसूड पाहिलात? मुठीपाशी जाडजूड आणि शेपटाकडे निमुळता होत गेलेला. मध्ये कुठेही जाडी एकदम बदलत नाही. आसुडात छोटा उंचवटा नसतो, मोठं वेटोळं धावतं, त्यामुळे आपली दोन समीकरणं तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. पण हाताने दिलेली ऊर्जा कमी कमी वजनाच्या दोरीत जाते, हे तिथेही खरं. म्हणून शेपटाचा वेग इतका वाढतो की तो ध्वनीलाही मागे टाकतो. कडाड्‌ आवाज येतो तो त्याचाच!

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. बारीक दोरी २५ ग्रॅमचीच ठेवा, पण पुढचा दोर तिच्या तिप्पट जाड घ्या. ६ सेंटिमीटरचा उंचवटा पाठवला तर किती पुढे जाईल आणि किती परतेल? आधी वजन काढा, मग वेग, मग उतारांची लांबी. उत्तर ३ आणि उणे ३ आलं तर तुमची गाठ पक्की बसली म्हणायची!